आबांचं तिकीट कुठे अडकलं? मेसेज न आलेलं रेल्वे आरक्षण शोधून काढायची पद्धत

आमचे आबा आणि आजी कऱ्हाडला राहतात. अकोल्याला आबांच्या धाकट्या बहिणीच्या घरी लग्न होतं आणि दोघांना महाराष्ट्र एक्स्प्रेसने जायचं होतं. ही कोल्हापूर ते गोंदिया जाणारी ११०३९ क्रमांकाची गाडी. ती कऱ्हाडलाही थांबते आणि अकोल्यालाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना मधे गाडी बदलावी लागत नाही. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. तिकिटासाठी तिथवर जायचा कंटाळा केला म्हणून आबांनी एसटी स्टँडजवळच्या एका तिकीटवाल्याकडे रोख पैसे दिले. त्याच्या प्रिंटरची शाई संपली होती. "मेसेज येईल मोबाइलवर, तोच दाखवायचा," असं त्याने सांगितलं आणि आबा घरी आले.

मेसेज आलाच नाही. प्रवास चार दिवसांवर आल्यावर आबांनी मला पुण्याला फोन केला. "आरं, पैसं दिल्यात, पण तिकिटाचा मेसेज काय आला न्हाई बघ. दुसरं काढतोस का?"

दुसरं तिकीट काढणं हे अशा वेळी सगळ्यांच्याच डोक्यात येतं, पण ते सगळ्यात शेवटी करायचं असतं. पहिलं तिकीट खरोखर निघालेलं असेल, तर एकाच गाडीत एकाच माणसाची दोन तिकिटं होतात आणि त्यातलं एक रद्द करताना माणशी पैसे कापले जातात. शिवाय चार दिवस आधी नव्या तिकिटावर जागा मिळेल याची खात्री नसते. जुन्या तिकिटाचा नंबर मात्र तीन आठवडे आधी लागलेला असतो. म्हणून आधी जुनं तिकीट शोधायचं. ते कसं शोधायचं, हे आबांच्याच तिकिटाच्या आधाराने सांगतो.

मेसेज म्हणजे तिकीट नव्हे

रेल्वेचं आरक्षण रेल्वेच्या संगणकात असतं. तिकीट निघालं त्या क्षणी त्याला दहा आकडी पीएनआर क्रमांक मिळतो. गाडी, तारीख, वर्ग, कुठून कुठे, किती प्रवासी, कोणता डबा, कोणती जागा, असं सगळं त्या क्रमांकाखाली नोंदलेलं असतं. मोबाइलवर येणारा मेसेज आणि ईमेलवर येणारी पावती ही त्या नोंदीची फक्त प्रत असते. प्रत हरवली म्हणून नोंद पुसली जात नाही. ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचा कागद किंवा मेसेज नसला तरी तपासनिसाच्या यादीत नाव असतं आणि जवळ मूळ ओळखपत्र असलं की प्रवास करता येतो.

याची दुसरी बाजूही आहे. मेसेज आला म्हणजे जागा पक्की झाली असं नाही. मेसेज वेटिंगच्या तिकिटाचाही येतो. म्हणून शोधताना प्रश्न तीन असतात आणि ते याच क्रमाने विचारायचे. पैसे पोचले का? पीएनआर तयार झाला का? झाला असेल तर त्याची आजची स्थिती काय? घरात गोंधळ होतो तेव्हा बहुतेक वेळा या तिन्हींची सरमिसळ झालेली असते. "तिकीट कन्फर्म झालं नाही" या एकाच वाक्याचे तीन अगदी वेगळे अर्थ निघू शकतात.

आधी माहिती कागदावर उतरवून घ्या

मी आबांना फोनवर धरून ठेवलं आणि वही घेतली. गाडी कोणती, प्रवासाची तारीख कोणती, चढायचं कुठे, उतरायचं कुठे, स्लीपर की एसी, तिकीट किती जणांचं, पैसे किती दिले आणि कसे दिले, मोबाइल नंबर कुणाचा दिला, हे सगळं विचारलं. आबांना बहुतेक गोष्टी पक्क्या आठवत होत्या. तिकीट कोणत्या दिवशी काढलं ते मात्र आठवेना. "गेल्या महिन्यात" यापलीकडे ते सरकेनात. मग आजी मागून म्हणाल्या, "त्या दिवशी येताना तुम्ही साबुदाणा आणला होता की! दुसऱ्या दिवशी एकादशी होती." कॅलेंडर काढून पाहिलं आणि तारीख मिळाली. ती पुढे खूप उपयोगाची ठरली, कारण तिकीटवाल्याच्या हिशेबात शोधायला प्रवासाच्या तारखेइतकीच तिकीट काढल्याची तारीखही कामाला येते.

याच वेळी तिकीट कोणत्या वाटेने काढलं हेही पक्कं करून घ्यायचं, कारण पुढचा सगळा शोध त्यावर ठरतो. स्टेशनच्या खिडकीवरून काढलं असेल तर हातातला छापील कागद हेच तिकीट आणि पीएनआर त्याच्या वरच्या कोपऱ्यात छापलेला असतो. तिथे मेसेजची वाट पाहायची गरज नाही. तो कागद हरवला असेल तर मात्र पैसे भरून दुय्यम तिकीट घ्यावं लागतं. घरातल्या कुणी आयआरसीटीसीच्या खात्यातून काढलं असेल तर त्याच खात्यात सगळं सापडतं. आणि दुकानातून काढलं असेल तर तिकीट दुकानदाराच्या खात्यात असतं, म्हणजे आपल्या हातात काहीच नसतं. आबांचं तिकीट या तिसऱ्या प्रकारातलं होतं.

फोनमध्ये जागा आहे का ते पाहा

आबांकडे साधा बटणांचा फोन आहे. अशा फोनमध्ये ठरावीक संख्येनेच मेसेज मावतात. ते भरले की पडद्यावर पाकिटाचं चिन्ह लुकलुकत राहतं आणि नवा मेसेज आत येत नाही. नेटवर्क तो मेसेज काही काळ राखून ठेवतं, मधूनमधून पुन्हा पाठवून पाहतं आणि मुदत संपली की टाकून देतं. त्यामुळे फोन आज रिकामा केला तरी तीन आठवड्यांपूर्वीचा मेसेज परत येत नाही.

मी आबांना विचारलं, "वर पाकीट दिसतंय का?" ते म्हणाले, "ते तर दिवाळीपासनं हाय." शेजारच्या मुलाला बोलावून जुने मेसेज पुसायला लावले. लगेच टणाटण आवाज करत बँकेचे आणि रिचार्जचे काही मेसेज आत आले. रेल्वेचा त्यात नव्हता. इथे बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात. फोन भरलेला होता, म्हणजे मेसेज त्यामुळेच आला नसणार, असं मानून ते निवांत होतात. फोन भरलेला होता हे खरं, पण मेसेज याच नंबरवर पाठवला गेला होता का, ते त्यातून कळत नाही. आबांच्या बाबतीत पुढे कळलं की फोन रिकामा असता तरी तो मेसेज आला नसता.

स्मार्टफोन असेल तर मेसेजच्या ॲपमध्ये `IRCTC` असा शोध द्या आणि नको असलेल्या मेसेजांचा वेगळा कप्पाही उघडून पाहा. खरा मेसेज `IRCTC` ही अक्षरं असलेल्या नावाने येतो. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून "तुमचं तिकीट अडकलं आहे, ही लिंक उघडा" असा मेसेज आला, तर तो रेल्वेचा नाही. ईमेल दिला असेल तर तिथेही शोधा. तिथे पूर्ण पावती मिळते आणि ती मेसेजपेक्षा जास्त उपयोगी असते.

पैशाचा माग

आबांनी रोख पैसे दिले होते, त्यामुळे आमच्याकडे पैशाचा माग नव्हता. पण आजकाल बहुतेक लोक यूपीआयने पैसे देतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

स्वतःच्या खात्यातून तिकीट काढताना पैसे कापले गेले आणि पडदा अडकला, तर लगेच पुन्हा पैसे भरू नका. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून `My Account`, त्यात `My Transactions`, त्यात `Booked Ticket History` उघडा. तिकीट निघालं असेल तर ते पीएनआरसह इथे दिसेल, मेसेज आलेला असो वा नसो. इथे ते नसेल तर त्याच भागात अयशस्वी व्यवहारांची वेगळी यादी असते, ती पाहा. तिथे तुमचा व्यवहार दिसला तर पैसे निघाले पण तिकीट निघालं नाही, असा त्याचा अर्थ. मग दुसरं तिकीट काढायला हरकत नाही.

अशा अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. यूपीआयने किंवा कार्डाने ऑनलाइन पैसे भरले, ते खात्यातून गेले, पण विकणाऱ्याकडे पोचल्याची खूण मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी आणि त्यासाठी त्याने तक्रार करायची वाट पाहू नये, असंही त्यात म्हटलं आहे. पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. बँकेशी बोलताना यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. तो पैसे दिल्याच्या नोंदीत मिळतो. "परवा दुपारी पैसे गेले" असं सांगून बँकेत काही सापडत नाही, त्या क्रमांकाने सापडतं.

इथेच एक मोठा धोका असतो. घाबरलेला माणूस इंटरनेटवर "रेल्वे कस्टमर केअर" शोधतो आणि समोर येईल त्या नंबरला फोन लावतो. असे खोटे नंबर मुद्दाम पेरलेले असतात. पलीकडचा माणूस पैसे परत करायचे म्हणून फोनमध्ये एखादं ॲप घ्यायला सांगतो किंवा यूपीआय पिन टाकायला लावतो. पैसे परत मिळवताना पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. रेल्वेच्या चौकशीचा आणि मदतीचा क्रमांक १३९ आहे आणि ऑनलाइन तिकिटांसाठी आयआरसीटीसीचा क्रमांक १४६४६ आहे. याखेरीज दुसरा नंबर कुणी सुचवला तर तो लावू नका. वयस्कर माणसांना हे आधीच, शांतपणे, एकदा समजावून ठेवलं पाहिजे. गडबडीच्या क्षणी सांगून उपयोग होत नाही.

दुकानातून पीएनआर काढून घेणं

पीएनआर हाती नसताना नुसत्या नावावरून तिकीट शोधायची सोय रेल्वेने सर्वसामान्यांसाठी ठेवलेली नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोण कुठे चाललंय हे कुणालाही पाहता आलं असतं. त्यामुळे दुकानातून काढलेल्या तिकिटाचा शोध दुकानदाराच्या संगणकापाशीच घ्यावा लागतो.

मी आबांच्या शेजारच्या मुलाला दुकानात पाठवलं आणि व्हिडिओ कॉलवर स्वतः हजर राहिलो. दुकानदार म्हणाला, "मेसेज गेलाय की ओ." यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी म्हटलं, "दादा, गेला असेल. तुम्ही फक्त तुमची काढलेल्या तिकिटांची यादी उघडा आणि पीएनआर सांगा." त्याने आबांचं आडनाव टाकून शोधलं, काही मिळालं नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग मी त्याला नाव सोडून द्यायला सांगितलं आणि तिकीट काढल्याचा दिवस दिला, एकादशीच्या आदल्या दिवसाचा. त्या दिवशीच्या व्यवहारांत महाराष्ट्र एक्स्प्रेसचं, कऱ्हाड ते अकोला, दोन प्रवाशांचं एकच तिकीट होतं. आडनावाचं स्पेलिंग इंग्रजीत त्याने वेगळं टाकलं होतं, म्हणून नावावरून सापडत नव्हतं. मराठी आडनावांच्या बाबतीत हे वारंवार होतं. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. म्हणून शोध नावाने न घेता तारीख, गाडी आणि स्टेशनं यांनी घ्यायचा.

मग मोबाइल नंबर कोणता टाकला ते विचारलं. त्याने आधी वहीत नंबर उतरवून घेतला होता आणि वहीत बघून संगणकावर टाकला होता. वहीतल्या नंबरात शेवटून तिसरा आणि चौथा आकडा उलटसुलट झाले होते. आबांनी बरोबर सांगितला, लिहिताना अदलाबदल झाली. तिकिटाचा मेसेज कुणा तिसऱ्याच माणसाच्या फोनवर गेला होता.

हे सापडल्यावर बहुतेक जण "चला, मिळालं" म्हणून उठतात. पण चुकीच्या नंबरचं काम तिथे संपत नाही. चार्ट लागल्यावर डबा आणि जागा कळवणारा मेसेजही त्याच नंबरवर जाणार, आणि गाडी रद्द झाली तर ती सूचनाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अधिकृत एजंटाने काढलेलं तिकीट रद्द केलं, किंवा ते वेटिंगमध्येच राहून आपोआप रद्द झालं, तर परताव्याची रक्कम आणि एक ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो. एजंटाने परस्पर पैसे ठेवून घेऊ नयेत म्हणून २०१९ मध्ये ही सोय केली. नंबर चुकीचा असेल तर ओटीपी अनोळखी माणसाकडे जातो आणि आपला परतावा अडकून बसतो. म्हणून दुकानात तिकीट काढताना पडद्यावरचा नंबर स्वतः मोठ्याने वाचून घेणं हे नाव तपासण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आमच्या बाबतीत तिकीट रद्द करायचं नव्हतं, म्हणून मी पुढचे मेसेज येणारच नाहीत हे धरून चाललो आणि स्थिती स्वतः तपासत राहायचं ठरवलं.

दुकानदाराने पावती छापून दिली. ती हातात आल्यावर काय पाहायचं? प्रवाशांची नावं, वय, गाडी, तारीख आणि चढायचं स्टेशन हे तर आहेच. त्याखेरीज पावतीवर एजंटाचं नाव आणि पत्ता छापलेला आहे का ते बघा. अधिकृत एजंटाच्या पावतीवर तो असतो. त्याऐवजी, हे तिकीट वैयक्तिक आयडीवरून काढलेलं आहे आणि त्याची विक्री रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर दुकानदाराने स्वतःच्या खासगी खात्यातून तिकीट काढून विकलेलं आहे. अशा खात्यांवर कारवाई झाली की त्यातली तिकिटं अडचणीत येतात आणि नुकसान प्रवाशाचं होतं. आबांच्या पावतीवर एजंटाचा पत्ता होता. ते पाहून मला हायसं वाटलं.

पीएनआर स्वतः तपासा

दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर किंवा छापील कागदावर थांबू नका. कागद कसाही छापता येतो. तोच क्रमांक रेल्वेच्या स्वतःच्या जागेवर टाकून पाहिला पाहिजे. संगणकावर किंवा स्मार्टफोनवर `indianrail.gov.in` इथे पीएनआरची चौकशी करता येते. साध्या फोनवरून १३९ ला फोन करून क्रमांक दाबता येतो, किंवा मेसेज पाठवता येतो. मेसेजमध्ये `PNR` लिहून एक जागा सोडायची, दहा आकडे लिहायचे आणि तो 139 वर पाठवायचा:

```
PNR 1234567890
```

इथे प्रवाशांची नावं दिसत नाहीत, नुसतं पहिला प्रवासी, दुसरा प्रवासी असं दिसतं. त्यामुळे घाबरून जाऊ नका. तिकीट आपलंच आहे हे गाडी, तारीख, स्टेशनं, वर्ग आणि प्रवाशांची संख्या, ही सगळी जुळवून ठरवायचं. यातली एकही गोष्ट जुळली नाही तर पुन्हा दुकान गाठायचं. `FLUSHED PNR` असं उत्तर आलं तर तो क्रमांक चुकीचा तरी आहे किंवा प्रवास उरकून गेलेल्या जुन्या तिकिटाचा तरी. पुढच्या आठवड्याच्या तिकिटावर असं उत्तर येता कामा नये. आकडे एकदा पुन्हा नीट टाकून पाहा, आणि तरीही तेच आलं तर फसवणुकीची शक्यता धरून चाला.

उत्तरात दोन रकाने महत्त्वाचे. `Booking Status` म्हणजे तिकीट काढताना काय होतं, आणि `Current Status` म्हणजे आज काय आहे. आबा-आजींच्या तिकिटाची काढतानाची स्थिती वेटिंगची होती आणि त्या दिवशीची आरएसी ११ आणि आरएसी १२. आबांनी फोनवर विचारलं, "म्हंजी झालं का न्हाई?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो.

`CNF` असेल तर पूर्ण जागा मिळाली. `RAC` असेल तर गाडीत चढायचा हक्क आहे, बसायला जागा आहे, पण स्लीपरमध्ये बाजूच्या खालच्या एका बाकावर दोघांना मिळून बसावं लागतं. कुणी तिकीट रद्द केलं की त्यातल्या एकाला पूर्ण बर्थ मिळतो. `WL` म्हणजे वेटिंग, मग त्याच्या आधी कोणतीही अक्षरं असोत. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावर सगळेच प्रवासी चार्ट लागेपर्यंत वेटिंगमध्ये राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि ते घेऊन गाडीत चढता येत नाही. एजंटाच्या तिकिटाचे पैसे अशा वेळी एजंटाच्या खात्यात जातात. ओटीपीची गोष्ट वर सांगितली ती इथे आडवी येते.

म्हणजे आबांचा प्रवास होणार हे नक्की झालं होतं. प्रश्न फक्त झोपायला जागा मिळेल की नाही एवढाच होता, आणि रात्रभराचा प्रवास असल्यामुळे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी तो लहान नव्हता. मी रोज सकाळी एकदा स्थिती पाहत होतो. त्याहून जास्त वेळा पाहून काही मिळत नाही. आकडा लोकांनी तिकिटं रद्द केल्यावरच हलतो आणि खरी हालचाल चार्ट लागताना होते, कारण न वापरलेल्या कोट्यांच्या जागा तेव्हा वाटल्या जातात.

चार्ट लागल्यावर पानावर `Chart Prepared` दिसलं आणि दोघांपुढे `CNF` आलं. डबा एस ४, जागा २३ आणि ३१. जागा कुठली ते आकड्यावरून कळतं. स्लीपरमध्ये आठ-आठ जागांचा एक कप्पा असतो, म्हणून आकड्याला आठने भागायचं आणि बाकी पाहायची. बाकी १ किंवा ४ उरली तर खालची, २ किंवा ५ उरली तर मधली, ३ किंवा ६ उरली तर वरची, ७ उरली तर बाजूची खालची आणि काहीच उरलं नाही तर बाजूची वरची. २३ ला भागून सात उरतात, ३१ लाही सातच. दोघांना बाजूच्या खालच्या जागा, शेजारशेजारच्या कप्प्यांत. चढायला शिडी नाही म्हटल्यावर आजींनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरायला घेतली.

सोबत काय न्यायचं

मी आबांना एका कागदावर मोठ्या अक्षरांत पीएनआर, गाडीचा नंबर, डबा आणि दोन्ही जागा लिहून घ्यायला सांगितलं आणि तो कागद आधार कार्डाच्या पाकिटात ठेवायला लावला. ओळखपत्र मूळ लागतं. झेरॉक्स चालत नाही आणि गावाकडे हीच चूक जास्त होते, कारण मूळ कार्ड हरवेल म्हणून कपाटात ठेवलेलं असतं. नियमाने एका तिकिटावरच्या प्रवाशांपैकी एकाचं ओळखपत्र पुरतं, पण इथे जागा वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या, म्हणून दोघांनाही आपापलं घ्यायला सांगितलं. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एखाद्या अक्षराच्या फरकाने सहसा अडत नाही. पण दुकानात घरगुती नाव सांगितलं आणि आधारवर दुसरंच असेल तर अडू शकतं, म्हणून तिकीट काढताना कार्ड पुढे करावं आणि त्यावरूनच नाव टाकायला लावावं.

साताऱ्याच्या पुढे तपासनीस आला. त्याने हातातल्या यंत्रावर २३ नंबर पाहिला, आबांचं नाव विचारलं, कार्ड पाहिलं आणि पुढे गेला. मेसेज त्याने मागितलाच नाही.

परतीचं ११०४० चं तिकीट मी माझ्या खात्यातून काढलं. खात्यातला मोबाइल नंबर संपर्काच्या चौकटीत आपोआप येतो, तो माझाच राहू दिला, कारण चार्टचा मेसेज वाचून आबांना फोन करणं मला जमण्यासारखं होतं. पावती अकोल्याच्या आत्याआजींच्या नातवाला पाठवली आणि त्याने ती छापून आबांच्या हातात दिली.